वड्याचं तेल वांग्यावर: विस्थापन की प्रक्षेपण?

रातपाळी: जीएनएमच्या मेंटल हेल्थ नर्सिंगच्या पेपरची तयारी करतेय. डिफेन्स मेकॅनिझममध्ये डिस्प्लेसमेंट आणि प्रोजेक्शन यांची दरवेळी अदलाबदल होते. मराठीत विस्थापन आणि प्रक्षेपण असं वाचलं, पण त्याने गोंधळ वाढलाच. विस्थापन म्हटलं की धरणग्रस्त आठवतात आणि प्रक्षेपण म्हटलं की क्रिकेटची मॅच. रोजच्या वापरातले शब्द आहेत का?

गडकरी_नव्हे: संरक्षण यंत्रणा म्हणजे सैन्याचा विषय ना? प्रक्षेपण क्षेपणास्त्राचं असतं, ते बरोबरच आहे.

रातपाळी: नाही हो, मनाची संरक्षण यंत्रणा. मानसोपचार वॉर्डातली.

जुनी_वही: त्यांची चूक नाही, शब्दच तसा आहे. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या १९३६ च्या जर्मन पुस्तकाच्या नावात 'आबवेअर' हा शब्द आहे. त्याचा अर्थ अंगावर आलेलं परतवून लावणं. त्यामुळे मला 'बचाव' जवळचा वाटतो. मन हल्ला करत नाही, न झेपणारी भावना परतवतं, तीही नकळत.

चहा_कमी_साखर: सोप्पं आहे. दुसऱ्यावर ढकललं की प्रोजेक्शन. साहेब ओरडले, घरी येऊन बायकोवर ओरडलो, म्हणजे प्रोजेक्शन.

इनचार्ज_सिस्टर: अर्धं बरोबर. दोन्हीत काहीतरी ढकललं जातं, पण काय, ते बघा. साहेबांवरचा राग बायकोवर निघाला. राग तुमचाच राहिला, फक्त माणूस बदलला. हे डिस्प्लेसमेंट, म्हणजेच वड्याचं तेल वांग्यावर. प्रोजेक्शनमध्ये रागाचा मालकच बदलतो. चिडलेला असतो मी, पण म्हणतो, "तूच माझ्यावर चिडलीयेस." काविळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, ही म्हण तिथे बसते.

वॉर्डातलं एक सांगते. सकाळच्या राउंडला एका पेशंटची सुट्टी आठवडाभर पुढे गेली. डॉक्टरांसमोर तो "बरं" म्हणाला. दहा मिनिटांनी मावशींनी चहा दिला, तर "हा काय चहा आहे?" म्हणत कप भिंतीवर फेकला. मावशींनी आदल्या दिवशीही तोच चहा दिला होता, तेव्हा तो गप पिऊन गेला होता. राग डॉक्टरांवरचा, पण डॉक्टरांवर काढला तर सुट्टी आणखी लांबेल ही भीती. मावशी सुरक्षित. हे डिस्प्लेसमेंट.

तोच पेशंट मुठी आवळून म्हणाला असता, "सिस्टर, तुम्हा सगळ्यांना माझा राग येतो, म्हणून मला सोडत नाही," तर मी प्रोजेक्शनचा विचार केला असता. पेपरात उदाहरण आलं की दोनच प्रश्न विचारायचे: ही भावना मुळात कुणाची? आणि ती कुणाच्या नावावर लागली?

रातपाळी: म्हणजे नर्सिंग नोट्समध्ये "पेशंटने डिस्प्लेसमेंट वापरलं" असं लिहायचं?

इनचार्ज_सिस्टर: नको. काय घडलं ते लिही: किती वाजता, आधी काय झालं, तो काय बोलला, कप कुठे फेकला, कुणाला लागलं का. डिस्प्लेसमेंट हा तुझा अंदाज आहे, पेशंटने सांगितलेलं नाही. आणि "तुम्ही राग मावशींवर काढताय" असं तोंडावर सुनवायचं तर मुळीच नाही. "सुट्टी लांबल्याचं वाईट वाटलं असेल," एवढं म्हणून थांब. आमचा तो पेशंट मग रडला.

सूनबाई_२: माझ्या सासूबाईंना हे सगळं लागू आहे. त्या नणंदेशी भांडतात आणि भांडी माझ्यासमोर आपटतात. पण नंतर मी मुलावर ओरडते, तेव्हा मला ते कळतं. कळतं, तरी ओरडते. मग ते नकळत कसं?

जुनी_वही: चांगला प्रश्न. बहुतेक वेळा नंतर कळतं, त्या क्षणी नाही. त्याच क्षणी कळत असेल तर ते डिस्प्लेसमेंट म्हणावं की नुसता राग काढणं, मला ठामपणे सांगता येणार नाही. जाणूनबुजून होणारं म्हणून पुस्तकं सप्रेशनकडे बोट दाखवतात: "पेपर झाल्यावर रडेन, आता नाही," असं ठरवून बाजूला ठेवणं.

चहा_कमी_साखर: मग 'नाचता येईना अंगण वाकडे' प्रोजेक्शनच ना? दोष अंगणावर ढकलला.

इनचार्ज_सिस्टर: अंगणाला कुठे भावना? मी रॅशनलायझेशन म्हणते, अपयशाला पटणारं कारण शोधणं. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, त्याच घरातलं.

जुनी_वही: पण स्वतःतलं वाकडेपण अंगणात दिसलं, असंही वाचता येतं. काहीजण हीच म्हण प्रोजेक्शनखाली देतात.

रातपाळी: मग मी ती म्हण पेपरात लिहीतच नाही. वडा आणि काविळ चालेल. मावशींचा चहाही लिहिते.