'सीमांत घनता' म्हणजे कडेवरची घनता का?

शब्दवेडी: फोटोत छायांकित त्रिकोण आहे, कोपरे (0,0), (0,1), (1,1). आत f(x,y) = 8xy, बाहेर शून्य. X ची सीमांत घनता आणि P(X+Y<1) काढायची आहे. सीमांत म्हणजे सीमेवरची असं समजून मी तिरप्या बाजूवर y = x घातलं, 8x² आलं. मागच्या पानावर उत्तर 4x(1−x²) आहे. मला शब्दानेच चकवलं का?

जमाखर्च: आमच्या अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग काढला की वाढणारा खर्च. तिथे विकलन करतात. इथेही तेच करा.

जुना मास्तर: इथे नेमकं उलट आहे, संकलन करायचं. दोन चलांचा तक्ता मांडला की प्रत्येक ओळीची बेरीज कडेला, समासात लिहितात. इंग्रजी नाव त्या समासावरून पडलं, आपण 'सीमांत' केलं आणि समास हरवला. त्रिकोणातही बेरीजच आहे. x = 0.6 वर उभी रेघ ओढा. ती y = 0.6 ला त्रिकोणात शिरते आणि y = 1 ला बाहेर पडते. तेवढ्याच तुकड्यावर 8xy जमवायचं. कुठल्याही x साठी y हा x पासून 1 पर्यंत, म्हणून 4x(1−x²).

घाईत: मी y 0 ते 1 घेतला, 4x आलं. बाहेर घनता शून्यच आहे, मग फरक का पडावा?

जुना मास्तर: बाहेर शून्य हे बरोबर. पण तुम्ही तिथेही 8xy च ठेवलंत, शून्य घातलंच नाही. चूक पकडायला उत्तराचं 0 ते 1 संकलन करून बघा. 4x चं 2 येतं, 8x² चं 8/3. यायला हवं 1.

शब्दवेडी: 4x(1−x²) चं 1 आलं! आणि P(X+Y<1)?

जुना मास्तर: त्याच चित्रात x+y = 1 ही रेघ काढा. ती तिरप्या बाजूला (½,½) वर छेदते. रेघेखालच्या भागात x 0 ते ½, आणि y x पासून 1−x पर्यंत. आतलं संकलन 4x(1−2x), बाहेरचं 1/6. आधी x चं संकलन केलंत तर y = ½ पाशी दोन तुकडे करावे लागतील, 1/16 आणि 5/48. बेरीज तीच.

शब्दवेडी: मग 'समासी घनता' म्हणूया?

जमाखर्च: समास म्हटलं की मला द्वंद्व नि तत्पुरुष आठवतात.

जुना मास्तर: वहीला समास सोडणाऱ्याला नाही आठवणार. मी वर्गात दोन्ही शब्द वापरतो. परीक्षेत मात्र 'सीमांत'च छापून येतं.