उथळ विहिरीतही एक बाउंड स्टेट उरतेच, हे पटतं का?

सांजवात: पोटेन्शिअलची विहीर कितीही उथळ केली तरी एका मितीत निदान एक बाउंड स्टेट राहतेच, असं आम्हाला वर्गात सांगितलं. मला पटत नाही. 1 नॅनोमीटर रुंदीत इलेक्ट्रॉन कोंडला की अनिश्चिततेमुळे त्याची गतिज ऊर्जा 0.38 eV च्या आसपास जाते. मग विहीर फक्त 0.01 eV खोल असेल तर तो आत राहीलच कसा?

घाटमाथा: तो आत राहतो असं म्हटलंय कुणी? तुमचा 0.38 हा आकडा अनंत उंच भिंतींच्या पेटीचा आहे. इथे भिंत बुटकी आहे, त्यामुळे वेव्ह फंक्शन बाहेर लांबवर पसरतं.

आलेख काढून बघा. रुंदी 2a आणि खोली V0 धरा, विहिरीच्या आतला तरंगांक k, z = ka घ्या आणि विहिरीची ताकद z0 = a√(2mV0)/ħ. सम अवस्थांसाठी z tan z = √(z0² − z²). उजवी बाजू म्हणजे z0 त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग, आणि डावी बाजू म्हणजे मूळबिंदूतूनच निघून वर चढत जाणारी रेघ. वर्तुळ मूळबिंदूभोवती आहे, म्हणून ते कितीही लहान केलं तरी ती रेघ त्याला छेदूनच बाहेर पडणार. विषम अवस्थांची रेघ −z cot z मात्र z = π/2 ला अक्षावर येते. वर्तुळ तिथवर पोचलं नाही तर विषम अवस्था नाही.

तुमच्या विहिरीत z0 = 0.256 येतो. छेदबिंदूवरून बंधन ऊर्जा निघते सुमारे 0.0006 eV, आणि बाहेरची शेपटी ओसरायला लागणारं अंतर जवळपास 8 नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन विहिरीत सापडण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के! तो बांधलेला आहे, पण कोंडलेला नाही.

पाटीपेन्सिल: उत्तर बरोबर, पण आजच्या काळात आलेख कशाला? समीकरण संगणकाला द्या, मुळं मिळतात. मी वर्गात तेच करून घेतो.

रात्रपाळी: सर, मी तेच केलं आणि फसलो. 1 eV खोल, 1 नॅनोमीटर रुंद विहीर होती, z0 = 2.56. चिन्ह जिथे बदलेल तिथे मूळ धरायचं, असा प्रोग्राम लिहिला. तीन पातळ्या आल्या: 0.19, 0.376 आणि 0.70 eV. मधली खोटी होती. z = π/2 ला tan एकदम अनंतातून खाली उडी मारतो, चिन्ह बदलतं आणि प्रोग्रामला वाटतं मूळ सापडलं. वर ती 0.376 नेमकी अनंत विहिरीची पहिली पातळी, त्यामुळे मला संशयही आला नाही. आलेख काढल्यावर दिसलं की तिथे रेघा एकमेकींना भेटतच नाहीत. आता सापडलेलं प्रत्येक z समीकरणात परत घालून बघतो. दोन्ही बाजू जुळल्या तर खरं.

पाटीपेन्सिल: हा प्रोग्रामचा दोष झाला, पद्धतीचा नाही. tan ऐवजी sin-cos मध्ये समीकरण लिहा, उडीच राहत नाही. आणि एक विचारतो. हा नियम सगळ्याच विहिरींना लागू ना? ड्यूटेरॉनही तसाच, एकच बाउंड स्टेट.

घाटमाथा: sin-cos चं मान्य. ड्यूटेरॉनचं मात्र नाही. तीन मितींत त्रिज्येचं समीकरण एकमितीसारखंच दिसतं, पण r = 0 ला फलन शून्य व्हावं लागतं. म्हणजे फक्त विषम अवस्था चालतात, आणि त्यांना z0 किमान π/2 च्या पुढे हवा. ड्यूटेरॉन ती रेषा थोडक्यात ओलांडतो, म्हणूनच त्याची बंधन ऊर्जा फक्त 2.2 MeV आहे. आणखी उथळ असता तर तो बांधलाच गेला नसता.

एका मितीतलं खरं कारण आलेखाच्याही मागे आहे. L लांबीचं रुंद, सपाट फलन घ्या. त्याची गतिज ऊर्जा 1/L² ने घटते, विहिरीतून मिळणारा फायदा मात्र 1/L ने. L वाढवत गेलात की कधीतरी फायदा जिंकतोच. तीन मितींत फायदा 1/L³ ने पडतो, म्हणून तिथे ही खात्री नाही.

सांजवात: मग माझी चूक इलेक्ट्रॉनला विहिरीच्या रुंदीत बसवण्यात होती. पण एक बाजू उंच आणि दुसरी बुटकी असेल तर? तुमचं L दोन्हीकडे पसरेल का?

घाटमाथा: नाही पसरणार. उंच बाजूला पसरायला ऊर्जा लागते, म्हणून तिथे हमी तुटते. पुरेशी उथळ असेल तर अशी विहीर रिकामी राहते. बुटक्या बाजूची उंची V0 आणि उंच बाजूची V1 घेऊन तुम्हीच किमान खोली काढा. V1 अनंताकडे नेलात की z0 ची अट π/2 यायला हवी, पण त्या वेळी a ही पूर्ण रुंदी धरा, अर्धी नाही.

पाटीपेन्सिल: हेही मी संगणकावरच करून बघतो. आलेखाचा आग्रह मला अजून पटलेला नाही.