मदत हवी: लीड्समध्ये दोन पार्ट टाइम जॉब, स्टुडंट व्हिसाची आठवड्याला 20 तासांची मर्यादा कशी मोजायची?

सांगलीचा_लीड्समध्ये: सप्टेंबरपासून इथे एमएससी करतोय. कॅफेत मंगळ, गुरू, शुक्र चार-चार तास, म्हणजे 12. शिवाय एजन्सीकडून शनिवारी एलंड रोडला मॅचच्या दिवशी केटरिंगची 6 तासांची शिफ्ट, आणि आता रविवारी रात्री 10 ते सकाळी 6 वेअरहाऊसची आली आहे. पुढच्या शनिवारीही स्टेडियमची शिफ्ट देतायत. एजन्सी म्हणते त्यांचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, त्यामुळे काही अडचण नाही. घेऊ का?

मीनल_ब्रॅडफर्ड: अरे घे की, महिन्याची सरासरी 20 च्या आत असली की झालं. आणि जूनमध्ये परीक्षा संपल्या की 40 तास करता येतं, माझ्या भावाने केलं.

जुना_शेफील्डकर: मीनलताई, सरासरी चालत नाही हो, प्रत्येक आठवडा वेगळा आणि तो सोमवार ते रविवार. एजन्सीचा आठवडा पगारासाठी, व्हिसाला त्याचा संबंध नाही आणि कॅफेचे तास तर त्यांना दिसतच नाहीत. आता हिशोब बघ. या आठवड्यात कॅफे 12, शनिवारचे 6, आणि रविवारी रात्री 10 ते 12 हे 2, झाले बरोब्बर 20. मध्यरात्रीनंतरचे 6 तास सोमवारचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात. तिथे 6 अधिक कॅफेचे 12, 18 झाले, उरले फक्त 2. पुढच्या शनिवारचे 6 घेतलेस तर 24. नको घेऊस, किंवा त्या आठवड्यात कॅफेची एक शिफ्ट सोड.

भाऊ बहुतेक बीएला असेल, त्यांना उन्हाळा सुट्टी असते. एमएससीवाल्यांचा उन्हाळा डिझर्टेशनचा, म्हणून तेव्हाही 20 च. लवकर सबमिट केलं तरी कोर्स संपायची तारीख येईपर्यंत तेच.

नाशिकची_आई: मुलगा जर्मनीला जाणार आहे, तिथे वर्षाला 140 पूर्ण दिवस असं ऐकलं, ते इकडे लागू आहे का?

जुना_शेफील्डकर: नाही काकू, तो जर्मनीचा नियम. ब्रिटनला दिवस नाही, तास मोजतात.

सांगलीचा_लीड्समध्ये: बापरे, बरं झालं विचारलं, शनिवारची नाही म्हणून कळवलं. रूममेट म्हणतो त्यापेक्षा सायकलवर फूड डिलिव्हरी कर, वेळेचं बंधन नाही.

जुना_शेफील्डकर: ते अजिबात नको. डिलिव्हरी ॲपवाले रायडर बहुतेक सेल्फ एम्प्लॉइड धरतात आणि स्टुडंट व्हिसावर सेल्फ एम्प्लॉयमेंट बंद आहे, एक तास केलं तरी. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेणारे तर अजूनच अडकतात. युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला स्टुडंट ॲम्बॅसडर लागतात, तिथे बघ, पण ते तासही यातच धरायचे.

मीनल_ब्रॅडफर्ड: शिफ्टमधला अर्धा तास बिनपगारी ब्रेक पण मोजायचा का मग?

जुना_शेफील्डकर: मी तरी धरून मोजायचो, काठावर कशाला राहायचं. लेखी उत्तर हवं असेल तर युनिव्हर्सिटीच्या व्हिसा टीमला मेल टाक.