प्रतिसाद: ‘निकु नुकी’ आणि दाशी

>> “‘निकु नुकी दे’ (मांस वगळून) पाठ केलंय. तोक्यो-क्योतोच्या पाच दिवसांत शाकाहारी माणसाला तेवढं पुरेल ना?”

नाही पुरणार. निकु म्हणजे मांस. मासे त्यात येत नाहीत, आणि खरी अडचण दाशीची, म्हणजे रश्शाच्या मूळ अर्काची आहे. बहुतेक सूपांचा, उदोन या जाड नूडल्सच्या रश्शाचा आणि थंड सोबा नूडल्स बुडवून खायच्या त्सुयुचाही पाया सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या अर्काचा असतो. क्योतोत मी ‘निकु नुकी दे’ म्हणून कित्सुने उदोन मागवला. वर तळलेल्या तोफूची गोडसर घडी, मांसाचा तुकडा नाही. अर्धा वाडगा संपल्यावर वास ओळखला! दुकानदाराची काय चूक? मी मांसच तर नको म्हटलं होतं.

आता आधी विचारते, “कात्सुओ-दाशी हाइत्ते इमास् का?” (आहे का?). “हाइत्तेमास्” म्हणजे आहे. मग “नुकी दे देकिमास् का?” (वगळून जमेल का?). यावर मान कलती करून “सोरे वा चोत्तो…” असं वाक्य अर्धवट सोडलं, तर ते स्वच्छ ‘नाही’ समजायचं. रस्सा सकाळीच उकळून ठेवलेला असतो, त्यातून मासा कसा काढणार? हुज्जत न घालता “वाकारिमाशिता”, म्हणजे ‘समजलं’, म्हणून उठावं.

या विचारपुशीत वेळ जातो, आणि बरीच छोटी दुकानं दुपारी दोनच्या सुमारास ऑर्डर थांबवून थेट संध्याकाळी उघडतात. त्यामुळे क्योतोच्या दिवशी मंदिरांच्या आधी जेवण ठेवा. एक रात्र मोकळी असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठात राहा. तिथल्या शोजिन र्‍योरीत, म्हणजे मठातल्या शाकाहारी जेवणात, दाशी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिइताके मशरूम यांची असते.