मदत हवी आहे: बाहुली केली, तरी मुलगा गटापुढे गप्पच

घाईतली_मावशी: भाच्यासाठी मोज्याची बाहुली शिवली. घरी तिच्याशी कचाकचा भांडतो, पण तालमीत हातात घेऊन नुसता उभा! नाटुकलं दहा दिवसांवर आलंय. काहीतरी सुचवा, लवकर.

टाचणी: वय काय? बोलायला लाजतो की शब्द अडकतो? दोन्हींत फार फरक आहे.

घाईतली_मावशी: सांगितलं नाही का? आठ वर्षांचा आहे. अडखळतो, 'म'वर तर हमखास. पहिलंच वाक्य आहे, 'माझं नाव मिठू.'

पडद्याआडचा: सरळ पडद्यामागे बसवा. कोणी दिसलं नाही की भीड चेपते.

टाचणी: लाजाळू मुलाला चालेल, पण पडद्याची सवय लागते. दर तालमीला पडदा थोडा खाली घ्यावा लागतो.

मावशी, गाठ त्या वाक्यात आहे. अडखळणारी मुलं अवघड शब्द आला की दुसरा वापरून निभावतात. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? त्यामुळे बाहुलीचं नाव त्यालाच ठेवू द्या. आणि पहिलं वाक्य दोन बाहुल्यांनी एका सुरात म्हणायचं. सोबत कुणी बोलत असलं की बहुतेकांचं अडखळणं तेवढ्यापुरतं कमी होतं. चार-पाच तालमींनंतर सोबत्याने वाक्याच्या शेवटी गप्प व्हायचं, मग मधेच. अडखळणं यानं बरं होत नाही, फक्त सुरुवात होते.

अनुभवी_काका: एवढं कशाला? 'हळू बोल, श्वास घे' म्हणा. आमच्या वेळी असंच करायचे.

टाचणी: काका, मी स्वतः अडखळतो. ते ऐकलं की लक्ष जिभेवरच जातं आणि जास्त अडकतं. थांबून ऐका, शब्द पुरा करून देऊ नका.

अनुभवी_काका: बरं बाबा, तुझंच खरं.

सुईदोरा: तोंडात पुठ्ठा घातलाय का? लंबगोल कापून मधोमध दुमडा, चार बोटं वर, अंगठा खाली. बोलताना फक्त अंगठा खाली न्यायचा. बोटं वर उचलली की बाहुली आढ्याकडे बघत बोलते. मुलाचं लक्ष जबड्यात गुंततं.

टाचणी: पण प्रत्येक अक्षराला जबडा उघडायची सक्ती नको, बोलणं यंत्रासारखं होतं.

सायली_आई: माझी मुलगी घरी बडबडते, बाहेर महिनोन्‌महिने चकार शब्द नाही. तिलाही दोन बाहुल्या देऊ का?

टाचणी: ताई, हे वेगळं आहे. बाहुलीने आधी नुसती मान हलवली तरी चालवून घ्या, बोलण्याचा आग्रह नको. आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना नक्की दाखवा.

सुईदोरा: मावशी, डोळे चिकटवलेत की शिवलेत?

घाईतली_मावशी: डोळे राहू देत हो! आज करून पाहिलं. नाव त्याने 'ढब्बू' ठेवलं. मोठ्या बहिणीबरोबर एका दमात म्हणाला. एकट्याने दोनदा अडकला, तिसऱ्यांदा अंगठ्याकडे बघत बोलला. पण बाई म्हणतात, शेवटी बाहुली खाली ठेवून स्वतःचं नाव सांगायचंच. ते 'म'वरूनच आहे.

टाचणी: ढब्बूने सांगितलं तर बाईंना चालेल का?