कॅन्टीनचं कोटेशन: ताटाचा दर कसा बसवता?

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याने स्टाफ कॅन्टीनसाठी प्रस्ताव मागवलेत. रोज 300 ताटं, महिन्याला 26 दिवस. दर आणि दोन आठवड्यांचा मेनू लिहून द्यायचा आहे. अशी कोटेशनं भरणाऱ्यांनी लिहावं.

हिशेबनीस: दर काढताना आधी खर्च दोन ठिकाणी लिहा. किराणा, भाजी, गॅस ताटामागे वाढतात. समजा 38 रुपये. पगार, भांडी, टेम्पो मात्र ताटं कमी झाली म्हणून कमी होत नाहीत. ते महिन्याला 1,56,000 धरा, म्हणजे दिवसाला 6,000. 300 ताटं गेली तर ताटामागे 20, एकूण 58. तुम्ही 63 भरलात, बरं वाटलं. पण 200च ताटं गेली की तोच बोजा 30 होतो, ताट 68ला पडतं आणि रोज हजार रुपये अंगावर. म्हणून 'किमान 250 ताटांचं बिल दिलं जाईल' ही ओळ दराच्या खालीच हवी. मागे अटींच्या पानावर टाकली तर कोणी वाचत नाही. गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, हजेरी घसरते तेव्हा ती ओळ कामाला येते.

बार्शीकर: जीएसटी 5 टक्के वरून लावायचा, विषय संपला. सिलिंडरवर भरलेला टॅक्स त्यातून वजा होतो.

हिशेबनीस: 5 टक्के बरोबर, वजावट नाही. या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही. सिलिंडरवरचा टॅक्स तुमच्या 38 मध्येच धरायला हवा.

चुलीवरची: मेनूत 'रोज ज्वारीची भाकरी' लिहायच्या आधी हात मोजा. 300 माणसं, दोन-दोन भाकरी, म्हणजे 600. एक बाई तासाला तीस-पस्तीस करते, त्यामुळे तीन तासांत उरकायच्या तर सहा बायका हव्यात. पीठ स्वस्त पडतं, मजुरी नाही. आणि पीठ दोन-तीन दिवसांचंच दळा. जुन्याची इरी गेली की भाकरी थापताना कडेने फुटते, तव्यावर फुगत नाही. आठवड्याला दोनदाच भाकरी ठेवा, सोबत शेंगाचटणी; उरलेले दिवस चपाती.

सोमवारवाला: दोन आठवड्यांचं चक्र म्हणजे 12 वेगळे दिवस. दोन्ही सोमवारी उपवासाचं काहीतरी ठेवा, सिद्धेश्वराचा सोमवार धरणारे बरेच असतात. नाहीतर ताटं परत येतात.

नवखी: लग्नाच्या पंगतीचा दरही असाच काढायचा का?

हिशेबनीस: नाही ताई, पंगतीत माणसं एकदाच मोजायची असतात. इथे रोज मोजायची. सकाळी 9 पर्यंत कंपनीने आकडा द्यायचा, हे लिहून घ्या.

बार्शीकर: 250ची अट टाकली तर कोटेशन बाजूला पडतं. दुसरा कोणी अटीशिवाय 61 भरतो.

चुलीवरची: भरू दे की. तिसऱ्या महिन्यात डाळ पातळ झालेली दिसते.

बार्शीकर: दिसते खरी, पण कंत्राट तोवर त्याच्याकडे गेलेलं असतं.