सजावट समिती ग्रुप: घरी शहाणी, हॉलमध्ये वेडी पट्टी

ओंकार (बी-३०४), रात्री ९:०८
सगळ्यांना सॉरी. मखरामागची एलईडी पट्टी घरी दोन दिवस झकास चालली. खाली हॉलमध्ये लावल्यापासून वेड्यासारखी करतेय. मधेच कुठलेही रंग येतात, बटण न दाबता पॅटर्न बदलतो. मध्येच दहा मिनिटं अगदी नीट चालते. बहुतेक तिला चालवणारा अर्डुइनो ऊनो बोर्ड गेलाय. उद्या लॅमिंग्टन रोडवरून नवीन आणू का? खर्च समितीचा की माझा?

परबकाका (ए-१०१), ९:११
मी आत्ताच बघून आलो. बाप्पांच्या मागे सिग्नल बिघडलाय असं वाटतं 😀

वैशालीताई (सी-६०२), ९:१२
परवा स्थापना आहे. साधी माळ लावून टाकूया का?

जोशीकाका (बी-७०१), ९:१५
थांबा वैशाली. ओंकार, काही आणू नकोस आणि काही उपटूही नकोस. बोर्ड मेला तर सहसा मेलेलाच राहतो, दहा मिनिटं जिवंत होत नाही. आधी सांग, कशाला काय जोडलंयस? आणि घरी कसं होतं?

ओंकार, ९:२१
६० एलईडीची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी. डेटा ऊनोच्या ६ नंबर पिनवर, बटण २ नंबरवर. मध्ये वायरी भोकांत खुपसायचा ब्रेडबोर्ड. घरी ऊनो आणि पट्टी दोन्ही एकाच दोन-पोर्टच्या मोबाइल चार्जरवर होते, ब्राइटनेस कमी ठेवला होता. हॉलमध्ये पूर्ण ब्राइटनेस हवा म्हणून पट्टीला ५ व्होल्ट ४ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर दिला. ऊनो चार्जरवरच आहे.

जोशीकाका, ९:२४
वेगळा अडॅप्टर दिलास ते बरोबर. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे ६० एलईडीला ३.६ अँपिअर. पण अडॅप्टरच्या मायनसपासून ऊनोच्या ग्राउंडला वायर आहे का?

ओंकार, ९:२५
नाही. त्यांचा संबंधच काय? दोन वेगळे सप्लाय आहेत ना.

जोशीकाका, ९:३१
हेच. घरी तो संबंध तुझ्या चार्जरने गुपचूप जोडून दिला होता, कारण त्याच्या दोन्ही पोर्टचं ग्राउंड आतून एकच असतं. म्हणून तुला वायर विसरल्याचं कळलंच नाही.

असं बघ. आपला तिसरा मजला जमिनीपासून मोजतात. समोरच्या टॉवरला खाली चार मजले पार्किंगचं पोडियम आहे, त्यांचा तिसरा मजला पोडियमच्या वरून मोजतात. दोघंही 'तिसरा' म्हणतात, पण खिडक्या समोरासमोर येत नाहीत. ऊनो म्हणतो 'मी ५ व्होल्ट पाठवले', म्हणजे त्याच्या ग्राउंडपासून ५. पट्टी तेच तिच्या ग्राउंडपासून मोजते. दोन ग्राउंड जोडलेले नसतील तर त्यांच्यातला फरक हवा तसा तरंगतो. पट्टीला कधी ठीक डेटा मिळतो, कधी कचरा. कचऱ्याचेच ते रंग.

ओंकार, ९:३३
ओह. मग दोन्हींचे प्लसही जोडू?

जोशीकाका, ९:३५
अजिबात नाही! दोन सप्लायचे प्लस जोडलेस की थोडा जास्त व्होल्टेजवाला दुसऱ्यात करंट ढकलायला बघतो. फक्त मायनस-ग्राउंड. आणि ते ५ व्होल्टच्या बाजूचे. भिंतीतल्या सॉकेटशी काही जोडायचं नाही. दोन्ही प्लग काढून मगच वायर लाव.

परबकाका, ९:३६
पोडियमचं उदाहरण बिल्डरला पाठवतो 😀

ओंकार, ९:५२
काका!! रंग एकदम स्थिर झाले. पण पॅटर्न अजून आपोआप बदलतोय. आणि एक गंमत: मी बटणाच्या वायरजवळ नुसता हात नेला तरी बदलतो.

जोशीकाका, ९:५५
मग हा दुसरा आजार. एकाच वेळी दोन-तीन असले की सगळं 'रँडम' वाटतं. बटण कसं जोडलंयस?

ओंकार, ९:५७
एक टोक ५ व्होल्टला, दुसरं २ नंबर पिनला. दाबलं की `HIGH`. घरी बटण ब्रेडबोर्डवरच होतं. इथे मुलांना पुढून दाबता यावं म्हणून ३ मीटर वायर टाकलीय, एक्स्टेंशन बोर्डच्या वायरशेजारून. मल्टिमीटर लावून बघितलं, तर मीटर लावल्यावर बदलणं बरंच कमी होतं. काढला की पुन्हा सुरू!

जोशीकाका, १०:०६
मीटरने तुला उत्तर दिलंय. बटण दाबलेलं असताना पिन ५ व्होल्टला जोडलेली असते. सोडल्यावर? कशालाच नाही. शून्यालाही नाही. वायर हवेत लोंबकळते आणि ती ३ मीटर वायर अँटेना होते. शेजारच्या २३० व्होल्टच्या वायरची ५० हर्ट्‌झची गुणगुण तिच्यात शिरते, तुझ्या हाताचीही. पिनच्या आत करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे इतकंसं काहीतरीसुद्धा तिला हलवायला पुरतं. ५ व्होल्टवर ऊनोची चिप १.५ व्होल्टच्या खाली नक्की `LOW` मानते, ३ च्या वर नक्की `HIGH`. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी नाही.

डिजिटल मीटरचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. तोच तुझ्या तरंगत्या पिनला ग्राउंडकडे बारीकशी वाट देत होता. मीटर लावला की दोष कमी होतो, हे तरंगत्या इनपुटचं लक्षण पाठ करून ठेव. पुष्कळ जण इथे मीटरलाच दोष देतात.

ओंकार, १०:०८
मग रेझिस्टर लावू?

जोशीकाका, १०:१३
आधी बटण उलटं कर. एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला. मग चिपच्या आतलाच पुल-अप रेझिस्टर वापर, तो २० ते ५० किलोओहमचा असतो. त्यामुळे बटण सोडलेलं असताना पिन ५ व्होल्टकडे ओढलेली राहते.

```
pinMode(2, INPUT_PULLUP);
bool dabla = (digitalRead(2) == LOW);
```

आता दाबल्यावर `LOW` येणार, उलटं वाटेल, चालवून घे. आतला पुल-अप बोर्डावरच्या बटणाला पुरतो. ३ मीटरच्या वायरला तो जरा दुबळा, म्हणून पिन आणि ५ व्होल्टमध्ये बाहेरून ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लाव. आणि ती वायर एक्स्टेंशनपासून लांब ने.

बटण चार पायांचं असेल तर समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यातले दोन पाय घे. पाय जोडीने आतून कायमचे जोडलेले असतात, चुकीची जोडी घेतलीस तर बटण सतत दाबलेलं दिसेल.

वैशालीताई, १०:१५
मला यातलं काही कळत नाहीये, पण वाचायला मजा येतेय. मोदकांच्या ऑर्डरचं मात्र वेगळ्या ग्रुपवर लिहा रे, इथे हरवतंय.

ओंकार, १०:३१
केलं. हात नेऊन बघितला, काही बदलत नाही 👍 पण आता बटण दाबूनही काही होत नाही 😭

जोशीकाका, १०:३३
बटणाचं ग्राउंड ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्टीत कुठे खुपसलंस? लांब बोर्ड असेल तर ती निळी रेघ मध्ये तुटलेली आहे का बघ.

ओंकार, १०:३५
हो, मध्ये गॅप आहे. मला वाटलं छपाईच तशी आहे.

जोशीकाका, १०:३६
रेघ तुटली तिथे बहुतेक वेळा आतला पत्राही तुटलेला असतो. प्लग काढून मीटरच्या बीपवर तपास. दोन तुकड्यांमध्ये एक छोटी वायर टाक.

ओंकार, १०:४४
चाललं!! एक दाबलं की एक पॅटर्न. कधीकधी दोन पुढे जातो.

जोशीकाका, १०:४६
ते बाउन्स. बटणातला पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो, चिप ती दोनदा मोजते. दाबलेलं किंवा सोडलेलं दिसलं की पुढचे ५० मिलिसेकंद बटणाकडे दुर्लक्ष कर. हा वायरिंगचा दोष नाही.

परबकाका, ११:०२
ओंकार, मी टेबल सरकवलं तर परत सगळे रंग उधळले. मी काही केलं नाही हां.

ओंकार, ११:०३
😩

जोशीकाका, ११:१०
परबसाहेब, उत्तम काम केलंत. ओंकार, आता तिसरा. पेन्सिलच्या मागच्या टोकाने बोर्डवर हलके टकटक कर, मग एकेक वायर थोडी हलव. एका वेळी एकच. मीटर बघत बसू नकोस, त्याचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, क्षणभराचं तुटणं त्याला दिसत नाही. पट्टीचे रंगच तुझा मीटर. कुठली वायर हलवली की उधळते?

ओंकार, ११:१८
अडॅप्टरचं मायनस! जिथे खुपसलंय तिथलं भोक सैल आहे. अडॅप्टरच्या वायरी जाड होत्या, पीळ देऊन दामटल्या होत्या. पट्टीचा सप्लायही तिथूनच जातोय.

जोशीकाका, ११:२६
म्हणजे सगळा करंट ब्रेडबोर्डातून. ते स्प्रिंगचे पत्रे साधारण एका अँपिअरचे, तुझी पट्टी ३.६ पर्यंत मागते. त्यात जाड वायरने पत्रे फाकले. एकदा फाकले की बारीक वायर त्यात सैलच बसते, दाबून परत घट्ट होत नाहीत. आणि लक्षण बघ: ते मायनस सुटलं की कॉमन ग्राउंडच गेलं, म्हणून दिसायला पहिल्याच दोषासारखं. ग्राउंडची वायर 'लावली होती' म्हणून तू तिकडे बघितलंच नसतंस.

आता असं कर. अडॅप्टरचे प्लस-मायनस स्क्रू कनेक्टरमधून सरळ पट्टीला. ब्रेडबोर्डाशी त्यांचा संबंध नको. त्या मायनस स्क्रूमधूनच एक वेगळी वायर थेट ऊनोच्या ग्राउंड पिनला. ब्रेडबोर्डावर फक्त बटण आणि त्याचा रेझिस्टर राहू दे, तेही सैल भोकं सोडून दुसऱ्या रांगेत. वायर एकतारी घे, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. पिळलेल्या बारीक तारा एक आत जाते नि तीन बाहेर फुलतात.

ओंकार, ११:५४
झालं. परबकाका दोनदा टेबल हलवून गेले, एकदा लाथ पण मारली. काही हललं नाही. दोन्ही ग्राउंडमध्ये मीटरने ४ मिलिव्होल्ट दिसतायत, आधी आकडा स्थिरच नव्हता.

परबकाका, ११:५५
लाथ चुकून लागली.

जोशीकाका, ११:५८
पूर्ण पांढरा उजेड लावून पुन्हा मोज. थोडे वाढतील, पण शंभराच्या आत राहायला हवेत. जास्त आले तर कुठलातरी स्क्रू ढिला आहे किंवा वायर बारीक आहे.

उद्या संध्याकाळी माझ्याकडे सोल्डरिंग आयर्न घेऊन ये. दहा दिवस ढोलाच्या हादऱ्यात ब्रेडबोर्ड ठेवायचा नाही. बटण आणि रेझिस्टर झीरो पीसीबीवर डकवू, अर्ध्या तासाचं काम.

ओंकार, रात्री १२:०१
येतो काका. पांढऱ्यावर २२ मिलिव्होल्ट.

वैशालीताई, १२:०३
म्हणजे साधी माळ नको ना? पिशवीत परत ठेवते.